८ महिने बॅटरी स्वॅपिंगवर स्कूटर चालवली, माझा अनुभव (बॅटरीचा नंबर बघायची सवय लावून घ्या)

मंडळी, मी पुण्यात मार्केटयार्ड, बिबवेवाडी, कोंढवा, कात्रज या पट्ट्यात पार्सल पोचवायचं काम करतो, रोजचं ७०-८० किमी होतं. स्कूटर बॅटरीशिवाय घेतली. २०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बॅटरीविना गाडी विकायला आणि पासिंग करायला परवानगी दिली, तेव्हापासून हे शक्य झालं. गाडी माझी, बॅटरी कंपनीची, आणि मी महिन्याचे पैसे भरतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडेल असं वाटतं.

स्वॅप कसा होतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. स्टेशन म्हणजे कपाटासारखं मशीन, त्यात खण. ॲप उघडायचं, मशीनवरचा क्यूआर स्कॅन करायचा, एक रिकामा खण उघडतो. सीटखालची बॅटरी काढून (१२ किलोच्या आसपास आहे, दिवसात दोनदा उचलली की मनगटाला कळतं) त्या खणात पूर्ण आत ढकलायची, खट्ट असा आवाज आला पाहिजे. मागच्या कनेक्टरमधून मशीन बॅटरीच्या बीएमएसशी बोलतं, म्हणजे आतलं जे सर्किट सेल सांभाळतं त्याच्याशी, आणि तिचा नंबर, चार्ज, तापमान वाचतं. तो नंबर माझ्या खात्यावर दिलेल्या नंबरशी जुळला तरच दुसरा खण उघडतो आणि भरलेली बॅटरी मिळते. सगळं नीट असेल तर दोन मिनिटांत मी रस्त्यावर.

प्लॅन माझा १,८९० रुपयांना ३० स्वॅपचा आहे, म्हणजे एक स्वॅप ६३ रुपयांना. संपले की पुढचा स्वॅप सुटा आणि महाग, माझे महिन्याला दहाएक तसे होतातच. पैसे स्वॅपचे लागतात, किती वीज वापरली त्याचे नाही, आणि हे पहिले दोन महिने माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. चांगली बॅटरी पूर्ण संपवली तर ५४ किमी जाते. १५ टक्क्यांवर बदलली तर ४६ किमी मिळाले, म्हणजे किमीला १ रुपया ३७ पैसे. पण पुढच्या स्टेशनवर भरलेली मिळेल की नाही या धास्तीने मी ४० टक्क्यांवरच बदलायचो, तेव्हा ३२ किमीच मिळतात आणि तोच खर्च १ रुपया ९७ पैशांवर जातो. आता निघताना ॲपमध्ये कुठे किती भरलेल्या आहेत ते बघतो आणि २० च्या खाली आल्याशिवाय बदलत नाही. संध्याकाळी ७ ते ९ मात्र ॲपवर विश्वास ठेवू नका, ॲपमध्ये ३ दिसतात आणि आपण पोचेपर्यंत डिलिव्हरीवाली पोरं घेऊन गेलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. जुलैमधली रात्र, पाऊस धो धो, मी ४४१७ शेवट असलेली बॅटरी खण ६ मध्ये ठेवली, दार बंद झालं आणि ॲपचं चक्र फिरतच राहिलं. मशीनचं नेट गेलेलं. दहा-बारा मिनिटांनी नेट आलं तरी नवा खण उघडेना म्हणून हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तिकडून एक खण उघडून दिला, मी बॅटरी लावली आणि घरी गेलो. खण बंद होताना एक फोटो काढला होता तेवढं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी १८ टक्क्यांवर कात्रजच्या स्टेशनवर बॅटरी ठेवली तर लाल दिवा, दार परत उघडलं, आणि ॲपवर मेसेज की ही बॅटरी तुमच्या खात्यावर नाही. बाहेर काढून स्टिकर बघितला तर २०९३, आणि ॲपमध्ये माझ्या नावावर अजून ४४१७. म्हणजे आदल्या रात्री जमा केल्याची नोंद सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, आणि हेल्पलाइनने हाताने उघडून दिलेली बॅटरी कुणी माझ्या खात्याला जोडलीच नाही. सिस्टमच्या हिशेबात मी एक बॅटरी दाबून ठेवली होती आणि दुसरी कुणाची तरी घेऊन फिरत होतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, हजारो रुपयांची वस्तू आहे, चोरीची बॅटरी मशीनने घेऊ नये हे बरोबरच आहे. पण गाडी छोट्या टेम्पोत टाकून घरी आणावी लागली, दोन दिवस काम बुडालं आणि वर ४४१७ चा उशिराचा दंड लागायला लागला. शेवटी फोटोतली वेळ आणि खणाचा नंबर दिल्यावर त्यांच्या माणसाने तपासलं, तर ४४१७ खण ६ मध्येच चार्ज होऊन बसलेली! दंड परत मिळाला, दोन दिवसांची कमाई कोण देणार.

तेव्हापासून प्रत्येक स्वॅपनंतर गाडी सुरू करायच्या आधी स्टिकरचे शेवटचे चार आकडे ॲपमधल्या आकड्यांशी ताडून बघतो. जुळत नसतील तर तिथूनच हलायचं नाही, मशीनसमोर उभं राहूनच फोन करायचा, कारण मशीनजवळ असताना पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट नंतर दोन दिवस घेते.

नंबर लिहायला लागलो तर आणखी एक गोष्ट कळली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सगळ्या बॅटऱ्या १०० टक्के दाखवतात, पण ते १०० टक्के त्या बॅटरीत आज जेवढी जागा उरलीय त्याचे. वापरून थकलेली बॅटरी पण १०० च दाखवणार. वहीत बघितलं तर २०९३ ने ५४ किमी दिले आणि ७७१८ ने तीनही वेळा ४१ च्या आसपास. थकलेली ओळखायची माझी पद्धत अशी, की ९० ते ४० टक्के या टप्प्यात किती किमी झाले ते बघायचं, चांगली २७ देते, ७७१८ ने २० दिले. दुसरी खूण म्हणजे गंगाधामकडून कोंढव्याचा चढ चढताना ३० वरून एकदम १४ वर येते आणि सपाटीला लागलं की परत २० दाखवते. लोडवर व्होल्टेज कोसळतं त्याचं हे लक्षण. ॲपमध्ये बॅटरी किती वापरलीय ते कुठेच दिसत नाही, आणि स्वॅपचे ६३ रुपये दोन्हीला सारखेच.

स्टेशनवर येणाऱ्या टेक्निशियनला हे विचारलं तर त्याने एक गोष्ट सांगितली. दुरुस्तीत बीएमएसचा बोर्ड बदलला की चार्ज-डिस्चार्जचा मोजलेला आकडा नव्या बोर्डात शून्यापासून सुरू होऊ शकतो, सेल मात्र जुनेच. जुना आकडा कुणी नव्या नोंदीत चढवला नाही तर कागदावर बॅटरी नवी. म्हणजे नंबर नक्की कशाचा, पेटीचा, बोर्डचा का सेलचा, हा साधा प्रश्न नाहीये. नीती आयोगाच्या एप्रिल २०२२ च्या स्वॅपिंग धोरणाच्या मसुद्यात प्रत्येक बॅटरीला कारखान्यातूनच एक वेगळा ओळख क्रमांक द्यावा असं मांडलं होतं, म्हणजे तिचा माग ठेवता येईल. माझं म्हणणं एवढंच की त्या नंबरामागची माहिती ग्राहकाला पण दिसू द्या, किती वेळा चार्ज-डिस्चार्ज झाली आणि मूळच्या किती टक्के क्षमता उरलीय, हे दोनच आकडे पुरे.

७७१८ ची तक्रार मी तिन्ही वेळा तारीख, किमी आणि टक्के लिहून केली. "बॅटरी खराब आहे" एवढं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं, नंबर आणि किमी लिहिले तेव्हा फोन आला. सप्टेंबरनंतर ती मला परत मिळालेली नाही. वही चालू आहे, या महिन्यात सगळ्यात कमी ४८ किमी आलेत.