हाडातला काळा डाग: बोन स्कॅनवरचा आणि पेटवरचा

बोन स्कॅनमध्ये किरणोत्सारी टेक्नेशियम-99एम लावलेलं एमडीपी हे हाडाला चिकटणारं द्रव्य टोचतात. दोन-चार तासांनी ते जिथे नवं हाड घडतंय तिथे साठलेलं दिसतं. म्हणजे डाग कॅन्सरचा नसतो, हाडाच्या डागडुजीचा असतो. एफडीजी पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती भुकेल्या पेशी खातात, मग त्या गाठीच्या असोत वा सुजेच्या.

समजा, स्तनाच्या कॅन्सरच्या बाईंना औषध सुरू होऊन तीन महिने झालेत. दुखणं कमी आहे, पण बोन स्कॅनवर मणक्यातले डाग आधीपेक्षा गडद आणि एक नवाही. घरचे हादरतात. खरं तर गाठ मरत असताना हाड जोमाने भरून येतं, म्हणून डाग आणखी गडद होऊ शकतो. यालाच फ्लेअर म्हणतात. नवा डागही आधी न दिसलेल्या जागेच्या भरण्याचा असू शकतो. त्याच वेळी पेटवर त्या जागा विझलेल्या आणि सीटीवर पांढऱ्या, घट्ट झालेल्या दिसल्या, तर मला तो सुधाराच वाटेल. एकट्या बोन स्कॅनवर औषध बदलू नये. काही महिन्यांनी पुन्हा करावा. तेव्हाही नवे डाग वाढत राहिले तर मात्र आजार पुढे सरकतोय.

पेटही फसवतो. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर हाडांतली सगळी मज्जा एकसारखी उजळते. ताजं फ्रॅक्चरही चमकतं. शेजारशेजारच्या बरगड्यांवर एका ओळीत ठिपके दिसले, की मी आधी विचारते, ‘बाई, पडला होतात का?’