काट्याच्या पावत्यांचं रजिस्टर: काही महिने वापरल्यावर

आमच्याकडे माल येतो तो ट्रकने. वाळू, खडी, क्रश सँड, अधूनमधून सळई. काट्यावर भरलेली गाडी, मग खाली करून रिकामी गाडी, दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. आधी हे सगळं वहीत चालायचं. आता काटाघरातल्या कॉम्प्युटरवर एक्सेलमधलं तयार रजिस्टर आहे. पावती नंबर, गाडी नंबर, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन टाकलं की निव्वळ वजन निघतं, पुरवठादाराच्या पावतीवरच्या वजनाशी फरक मर्यादेत आहे की नाही ते कळतं, आणि दुसऱ्या पानावर मालानुसार दिवसाची बेरीज येते. काही महिने रोजच्या वापरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वजाबाकीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही वजनं भरेपर्यंत निव्वळ वजनाचा रकाना कोरा राहतो, हे चांगलं केलंय. त्यामुळे आत उभी असलेली, अजून खाली न झालेली गाडी बेरजेत घुसत नाही.

खरं कौतुक आणि खरी तक्रार, दोन्ही फरकाच्या तपासणीबद्दल आहेत. मूळ फाईलमध्ये सरसकट अर्धा टक्का मर्यादा होती. बावीस टनांच्या वाळूला ती 110 किलो पडते, ठीक आहे. पण दीड टन सळई आली की तीच मर्यादा साडेसात किलो होते, आणि आमचा काटा दाखवतोच मुळी दहा-दहा किलोच्या टप्प्यात! एका वाचनात नुसत्या पूर्णांकनाचा फरक पाच किलोपर्यंत असू शकतो. पुरवठादाराची दोन वाचनं, आपली दोन, म्हणजे काट्यात काहीही दोष नसताना वीस किलो इकडेतिकडे होऊ शकतात. त्यामुळे हलक्या मालाची जवळपास प्रत्येक पावती लाल व्हायची आणि काट्यावरची मुलं लाल रंगाकडे बघेनाशी झाली होती. टक्केवारीला किमान किलोंचा आधार दिला आणि प्रश्न मिटला:

```
=IF(G5="","",IF(ABS(G5-I5)<=MAX(40,0.005*I5),"ठीक","तपासा"))
```

इथे G म्हणजे आमचं निव्वळ वजन, I म्हणजे पुरवठादाराच्या पावतीवरचं. चाळीस हा आकडा आमच्या काट्यापुरता आहे. तुमचा टप्पा वीस किलोचा असेल तर तो वाढवावा लागेल.

आता मुद्द्याची गोष्ट. एकेक पावती मर्यादेत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. दिवसाच्या बेरजेचं पान रोज बघा. एका दिवशी वाळूच्या बारा गाड्या आल्या, बाराही ‘ठीक’. पण पुरवठादाराच्या पावत्यांची बेरीज 2,68,940 किलो आणि आमची 2,67,960. म्हणजे 980 किलो कमी. त्याच दिवशी खडीच्या नऊ गाड्या होत्या. तिथे कुठे तीस किलो जास्त, कुठे पन्नास कमी, असं होत होत एकूण फरक फक्त चाळीस किलोंवर आला. काटा जर चुकत असता तर खडीतही चुकला असता. काट्याचा नैसर्गिक फरक दोन्ही बाजूंना पडतो आणि बेरजेत बराचसा मिटतो. वाळूत मात्र प्रत्येक फरक उणेच होता. बाराच्या बारा एकाच बाजूला झुकतात तेव्हा त्यामागे एकच कारण शोधायचं.

कारण शोधायला मूळ रजिस्टर अपुरं पडतं, कारण पुरवठादाराचं फक्त निव्वळ वजन लिहायला जागा आहे. आम्ही दोन रकाने वाढवले: त्यांचं भरलेलं वजन आणि त्यांचं रिकामं वजन. त्यातली एक पावती बघा. त्यांच्याकडे भरलेली 33,480, रिकामी 11,020, निव्वळ 22,460. आमच्याकडे भरलेली 33,470, रिकामी 11,100, निव्वळ 22,370. नव्वद किलोंच्या फरकातले दहा भरलेल्या वजनात आणि तब्बल ऐंशी रिकाम्या गाडीत! वाटेत वाळूतलं पाणी गळलं असतं किंवा माल सांडला असता तर फरक भरलेल्या वजनात दिसला असता.

मग त्याच गाडीच्या जुन्या पावत्या एकत्र काढल्या. पुरवठादाराच्या प्रत्येक पावतीवर रिकामं वजन 11,020. एक टप्पासुद्धा इकडेतिकडे नाही. आमच्याकडे तेच 11,060 ते 11,130 मध्ये फिरत होतं. खरोखर काट्यावर चढवलेल्या गाडीचं वजन असं गोठलेलं राहत नाही. दोनशे लिटर डिझेल म्हणजेच दीडशे किलोंच्या वर. शिवाय ताडपत्री, चिखल, स्टेपनी. म्हणजे तिकडे रिकामी गाडी तोलतच नव्हते, कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं जुनं वजन वजा करत होते. त्यानंतर गाडीला फळ्या आणि हत्यारांची पेटी बसली होती, आणि तेवढी वाळू कागदावर वाढत होती.

एक शंका उरते. बॉडीत ओली वाळू चिकटून राहिली तरीही आमच्याकडचं रिकामं वजन वाढतं. म्हणून दोन गाड्या खाली केल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, ‘दादा, फावड्याने खरवडून घ्या आणि परत चढवा.’ वीसेक किलोंचाच फरक पडला. तसंही चिकटलेली वाळू आपल्या ढिगात पडलेली नसते, त्यामुळे ती वजा होणं बरोबरच आहे. पावत्या समोर ठेवल्यावर पुरवठादाराने प्रत्येक फेरीला रिकामी गाडी तोलायला सुरुवात केली, आणि वाळूचा फरकही खडीसारखा दोन्ही बाजूंना पडू लागला.

गंमत म्हणजे साठवलेल्या रिकाम्या वजनाची हीच सोय या रजिस्टरमध्येही आहे. गाडी नंबर टाकला की जुनं वजन आपोआप भरतं, पण ते कधी तोललेलं ते कुठेच दिसत नाही. आम्ही ती बंद केली आहे. गर्दीमुळे तुम्हाला ठेवावीच लागली तर शेजारी तारखेचा रकाना हवाच.

दिवसाच्या बेरजेबद्दल दोन गोष्टी. तारीख कुठली धरायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. रात्री पावणेबाराला भरलेली तोललेली गाडी साडेबाराला रिकामी होते. निव्वळ वजन दुसऱ्या तोलाला तयार होतं, म्हणून आम्ही त्याची तारीख धरतो. आणि रद्द पावती पुसायची नाही, तशी खूण करून ठेवायची, म्हणजे नंबरांच्या ओळीत खिंडार पडत नाही:

```
=SUMIFS('रजिस्टर'!G:G,'रजिस्टर'!B:B,$K$2,'रजिस्टर'!C:C,K5,'रजिस्टर'!J:J,"<>रद्द")
```

‘रजिस्टर’ हे पावत्यांच्या पानाचं नाव. तिथे B मध्ये तारीख, C मध्ये माल, J मध्ये ‘रद्द’ची खूण. बेरजेच्या पानावर K2 मध्ये हवी ती तारीख आणि K5 मध्ये मालाचं नाव. B मध्ये नुसती तारीख असावी. वेळही त्यातच लिहिली तर ती ओळ गुपचूप बेरजेबाहेर राहते. मालाचं नावही हाताने लिहू देऊ नका, यादीतूनच निवडायला लावा. ‘वाळू’ आणि ‘नदीची वाळू’ असे दोन माल झाले की दोन्ही बेरजा अर्धवट.

अजून एक उणीव आहे. बेरजेच्या पानावर फरक फक्त किलोत येतो. आम्ही पुढे टक्केवारी आणि ‘कमी आलेल्या गाड्या / एकूण गाड्या’ असे दोन रकाने जोडले आहेत. संध्याकाळी पान काढलं की आधी त्या दुसऱ्या रकान्याकडे बघतो. नऊपैकी पाच असेल तर पान फाईलला लावतो, बारापैकी बारा असेल तर पुरवठादाराला फोन.