पहिल्या पंधरा मिनिटांत दादरा शिकवावा की तीनताल?

ज्यांनी तबल्याला कधी हातही लावलेला नाही, अशा दहा-बारा जणांना तोंडाने बोल म्हणत हातावर ताल धरायला शिकवायचं आहे आणि वेळ आहे जेमतेम पंधरा मिनिटं. बहुतेक जण सवयीने तीनतालाने सुरुवात करतात. माझा कौल दादऱ्याकडे आहे, पण एका अटीवर, ती पुढे सांगतो. आधी दोन्ही ठेके समोर ठेवू.

दादरा, 6 मात्रा:
धा धिं ना | धा तिं ना

तीनताल, 16 मात्रा:
धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

दादऱ्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेऊन तळवा वर करायचा. मधल्या मात्रा अंगठा करंगळीला आणि अनामिकेला टेकवून मोजायच्या. तीनतालात 1, 5 आणि 13 वर टाळी, 9 वर खाली.

खरा फरक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, किती वेळा येता येतं यात आहे. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली तर दादऱ्याचं आवर्तन 6 सेकंदांत पुरं होतं, तीनतालाला 16 सेकंद लागतात. म्हणजे पाच मिनिटांत दादऱ्यात पन्नासेक वेळा सम गाठायला मिळते, तीनतालात एकोणीसही वेळा नाही. नवख्याला सम कळते ती पुन्हा पुन्हा चुकून आणि पुन्हा पकडून. चुकल्यावर पुढच्या समेसाठी पंधरा मात्रा ताटकळावं लागलं, तर तो शेजाऱ्याचे हात बघून टाळी देऊ लागतो.

तीनतालात आणखी एक अडचण आहे. आवर्तनं सलग म्हणायला लागलं की 13, 1 आणि 5 अशा तीन टाळ्या पाठोपाठ येतात. त्यातली मधली सम. नवख्याच्या हाताला तिन्ही सारख्याच, त्यामुळे कुणी 13 लाच सम समजून मोकळा होतो. हे ओळखायचं कसं? सगळ्यांना मध्येच थांबवा आणि ‘आता सम कुठे होती?’ विचारा. दोन-तीन वेगळी उत्तरं आली की समजायचं, हात चालताहेत पण ताल कळलेला नाही.

मग तीनताल घ्यायचाच कशाला? खालीसाठी. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत सलग चार बोलांतून डग्गा गायब होतो: तिं तिं ता ता. चौदाव्याला ‘धिं’ आला की घुमारा परत येतो. हा उतार-चढाव नुसत्या कानालाही लगेच कळतो. दादऱ्यात तो निसटता आहे. खालीच्या मात्रेवरही ‘धा’च आहे, आणि ‘ना’ला डग्गा नसतोच. बदलतो तो एकटा ‘धिं’, त्याचा ‘तिं’ होतो. त्यामुळे दादरा म्हणताना ‘तिं’ किंचित हलका म्हणून दाखवावा लागतो, नाहीतर मंडळी दोन्ही खंड एकाच सुरात दामटतात.

दादऱ्यात नेहमी होणारी चूक वेगळी आहे. तीन मात्रांनंतर नकळत एक चौथी, मुकी मात्रा शिरते: धा धिं ना (थांबा) धा तिं ना (थांबा). ऐकताना गोड वाटतं, पण तो दादरा राहत नाही. यावर माझा उपाय सोपा आहे. आवर्तन ‘ना’वर संपवायचंच नाही, पुढच्या समेच्या ‘धा’वर नेऊन सोडायचं: धा धिं ना धा तिं ना धा. शेवटच्या ‘धा’वर टाळी. थांबायची जागाच समेवर गेली की मधली फट बुजते.

क्रम असा ठेवा: चार-पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून फक्त बोल, मग फक्त समेची टाळी, मग खाली, आणि बोटं सगळ्यात शेवटी. सगळं एकदम दिलं की लोक प्रत्येक मात्रेवर टाळी वाजवायला लागतात. लय आपोआप चढत जाते, म्हणून मोबाईलवरचा मेट्रोनोम चालू ठेवा आणि पंधरा मिनिटांत 60 च्या पुढे जाऊ नका.

केरवा सोपा म्हणून सुचवणारे भेटतील. त्याच्या आठ मात्रा हाताला सोप्या आहेत, पण ‘धा गे ना ती, ना क धिं ना’ म्हणताना नवख्याची जीभ अडखळते. तो दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

आता ती अट. हीच मंडळी पुढे नियमित तबला शिकणार असतील, तर पहिल्या दिवशी तीनतालच घ्या, पण तो समेपासून शिकवू नका. नवव्या मात्रेपासून सुरू करा: धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, आणि समेच्या ‘धा’वर थांबा. पहिले दोन खंड तंतोतंत सारखे आहेत, ते मागाहून जोडायला दोन मिनिटं पुरतात. शिवाय खालीनंतर 13 ची टाळी आणि तिच्या पुढची ती सम, हे हाताला आधीच ठाऊक झालेलं असतं.