ब्राउन राइस की पांढरा तांदूळ? आर्सेनिकचा हिशोब कोंड्यापासून

ब्राउन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा आर्सेनिक जास्त असतं का? थेट उत्तर आधी देतो. हो, जास्त असतं. एकाच शेतातलं, एकाच जातीचं भात घेतलं आणि अर्धं बिनपॉलिशचं ठेवून अर्धं पॉलिश केलं, तर बिनपॉलिशच्या अर्ध्यात ते जास्तच निघणार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात असेंद्रिय आर्सेनिकची सरासरी पांढऱ्या तांदळात किलोमागे ९२ मायक्रोग्रॅम आणि ब्राउन राइसमध्ये १५४ मायक्रोग्रॅम होती. म्हणजे साधारण दीडपटीहून थोडं जास्त.

पण निवड करायला बसलेल्या माणसाला एवढ्या उत्तराने भागत नाही. जास्त का, जास्त म्हणजे आपल्या ताटात किती, आणि ते कमी करता येतं का, हे कळलं तर निर्णय बदलू शकतो.

वर 'असेंद्रिय' असं मुद्दाम लिहिलं आहे. तांदळात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत सापडतं. एक असेंद्रिय, जे दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर फुफ्फुस, मूत्राशय आणि त्वचेच्या कर्करोगाशी जोडलं गेलं आहे. दुसरं डीएमए नावाचं संयुग. ते निरुपद्रवी आहे असं म्हणता येत नाही, पण तुलनेत बरंच कमी विषारी आहे. कोंड्याची भानगड समजून घ्यायची तर ही दोन रूपं वेगळी धरावीच लागतात, कारण दाण्यात दोघांच्या जागा वेगळ्या असतात.

सुरुवात चिखलातून होते. भाताच्या खाचरात पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो. एरवी लोहाच्या ऑक्साइडना चिकटून बसलेलं आर्सेनिक अशा वेळी सुटून पाण्यात येतं, आणि येतं ते बहुतांशी आर्सेनाइटच्या रूपात. भाताच्या मुळांना सिलिका भरपूर लागते. ती आत घ्यायला त्यांच्याकडे खास मार्ग असतात. आर्सेनाइटचा रेणू त्या सिलिकासारखाच दिसतो, म्हणून त्याच मार्गाने तो झाडात शिरतो. इतर धान्यांपेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त असण्याचं मुख्य कारण हेच.

रोप त्यातलं बरंच आर्सेनिक वाटेतच, मुळांत आणि पेरांत, अडकवून ठेवतं. जे दाण्यापर्यंत पोहोचतं ते दाण्याच्या एका कडेने जाणाऱ्या वाहिनीतून येतं. आर्सेनाइटला प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटायची सवय आहे आणि दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं दाट असतात. त्यामुळे असेंद्रिय आर्सेनिक बरंचसं त्या वाहिनीजवळ आणि बाहेरच्या थरांतच थांबतं. डीएमए मात्र तितकं अडत नाही; ते आतल्या पिठूळ भागापर्यंत पसरतं. क्ष-किरणांनी काढलेल्या दाण्याच्या नकाशांत हा फरक डोळ्यांनी दिसतो: ब्राउन राइसच्या दाण्यात आर्सेनिकची कड उठून दिसते, पांढऱ्यात ते विरळपणे सगळीकडे पसरलेलं असतं.

भातावरचं जाड तूस काढलं की ब्राउन राइस मिळतो. त्याच्या अंगावर उरलेला पातळ तपकिरी थर आणि टोकाचा अंकुर घासून काढला की पांढरा. जे घासून निघतं तो कोंडा. तंतू, मॅग्नेशियम, ब गटातली जीवनसत्त्वं, सगळं त्याच थरात. आणि असेंद्रिय आर्सेनिकही त्याच थरात. चांगलं ठेवून वाईट तेवढं काढून टाकणारी गिरणी अजून निघालेली नाही.

या थरात किती आर्सेनिक असेल याचा अंदाज वरच्याच आकड्यांवरून काढता येतो. एक किलो ब्राउन राइस पॉलिश केला तर ढोबळमानाने ९०० ग्रॅम पांढरा तांदूळ आणि १०० ग्रॅम कोंडा निघतो. मूळ किलोत १५४ मायक्रोग्रॅम होते. किलोला ९२ या दराने ९०० ग्रॅम पांढऱ्यात सुमारे ८३ गेले. उरलेले ७१ त्या १०० ग्रॅम कोंड्यात. म्हणजे वजनाने एक दशांश असलेल्या थरात जवळपास निम्मं आर्सेनिक, आणि निव्वळ कोंड्याचा दर किलोला ७०० मायक्रोग्रॅमच्या वर. ब्राउन आणि पांढऱ्याच्या सरासऱ्या वेगवेगळ्या नमुन्यांच्या असल्यामुळे हा हिशोब काटेकोर नाही. तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोंड्याच्या पदार्थांत प्रत्यक्ष मोजलेलं असेंद्रिय आर्सेनिक याच पट्ट्यात किंवा त्याहून वर निघालं होतं.

नियम करणाऱ्यांनीही हा फरक मान्य केला आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेची मर्यादा पॉलिश तांदळासाठी किलोला २०० मायक्रोग्रॅम आहे आणि ब्राउनसाठी ३५०. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पांढऱ्यासाठी ती १५० वर आणली, ब्राउनसाठी २५० ठेवली. ब्राउनला सैल मर्यादा मिळाली म्हणजे तो जास्त सुरक्षित ठरला असं नाही. कोंड्यासकट धान्याला कडक मर्यादा झेपणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता ताटातली गोष्ट. एका वेळी ५० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवला असं धरू. ब्राउनमधून ७.७ मायक्रोग्रॅम येतील, पांढऱ्यातून ४.६. अंदाज यावा म्हणून सांगतो: पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ब्राउन निवडल्याने जास्तीचे जे तीन मायक्रोग्रॅम आले, ते त्या प्रमाणाच्या पाण्याच्या एका पेल्याहून थोडे अधिक. दिवसातून एकदा, तेही आठवड्यातून काही वेळा खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी हा फरक मला निर्णायक वाटत नाही. पण रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्यासाठी तोच फरक दिवसाला १८-१९ मायक्रोग्रॅमचा होतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. तिथे मी दुर्लक्ष करणार नाही.

शिजवण्याने हा हिशोब किती हलतो, हे फार कमी लोक विचारतात. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक पद्धत तपासली. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळायचं, त्यात तांदूळ टाकून पाच मिनिटं उकळू द्यायचा, ते पाणी पूर्ण ओतून द्यायचं, मग दोन वाट्या ताजं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर आटेपर्यंत शिजवायचं. यात ब्राउनमधलं ५४ टक्के आणि पांढऱ्यातलं ७३ टक्के असेंद्रिय आर्सेनिक निघून गेलं. ब्राउनमधून कमी निघालं यात नवल नाही. कोंड्याचा थर पाण्यालाही आडवा येतो.

हे प्रमाण आपल्या ५० ग्रॅमला लावून पाहिलं तर असं दिसतं (आकडे मायक्रोग्रॅममध्ये):

| | पाणी आटवून शिजवला | पाच मिनिटांनी पाणी ओतून शिजवला |
|---|---|---|
| ब्राउन | ७.७ | ३.५ |
| पांढरा | ४.६ | १.२ |

तिरकं वाचा. पाणी ओतून शिजवलेला ब्राउन, पाणी आटवून शिजवलेल्या पांढऱ्यापेक्षा खाली आहे. केवळ आर्सेनिकच्या भीतीने ब्राउन सोडून पांढऱ्याकडे वळलेला आणि तो प्रेशर कुकरमध्ये आटवून खाणारा माणूस, पातेलं बदलून त्याहून जास्त मिळवू शकला असता. नुसतं धुण्याने मात्र असेंद्रिय आर्सेनिकमध्ये फारसा फरक पडत नाही. पाणी ओतण्याची किंमतही आहे: त्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वं जातात. वरून जीवनसत्त्वं आणि लोह लावलेल्या पांढऱ्या तांदळाचं नुकसान सगळ्यात जास्त, कारण ती पृष्ठभागावरच असतात. आणि एक अट आहे, पाणी स्वच्छ हवं. शिजवण्याच्या पाण्यातच आर्सेनिक असेल तर तांदूळ ते शोषून घेतो आणि सगळा हिशोब उलटा फिरतो.

दुसरी गोष्ट उगमाची. ज्या मातीत पूर्वी कापसावर आर्सेनिकयुक्त कीटकनाशकं मारली गेली, किंवा ज्या शेताला आर्सेनिक असलेलं भूजल दिलं जातं, तिथल्या पांढऱ्या तांदळातही दुसरीकडच्या ब्राउनइतकं आर्सेनिक असू शकतं. सेंद्रिय शेतीच्या शिक्क्याने यात काही बदलत नाही, मूलद्रव्य मातीत आणि पाण्यात आहे. विक्रेत्याने तपासणी अहवाल दाखवला तर आधी बघा की आकडा एकूण आर्सेनिकचा आहे की असेंद्रियचा. मर्यादा असेंद्रियच्या आहेत, त्यामुळे एकूणच्या आकड्याशी त्या ताडून पाहिल्या तर चांगला तांदूळही नापास दिसेल.

मला विचाराल तर मी असं करेन. तांदूळ अधूनमधून खात असेन आणि जेवणात दुसरं पूर्ण धान्य फारसं नसेल, तर ब्राउन घेईन आणि पाणी ओतून शिजवीन. तांदूळ हेच रोजचं मुख्य अन्न असेल तर पांढरा घेईन, तोही पाणी ओतून, आणि तंतू डाळी, भाज्या नि इतर धान्यांतून मिळवीन. त्यासाठी कोंडाच हवा असं काही नाही. उकडा तांदूळ यात कुठे बसतो? पॉलिश होण्याआधी तो सालासकट भिजतो आणि वाफवला जातो. युरोपीय मर्यादेत त्याला ब्राउनच्या रांगेत बसवलं आहे, म्हणून त्यात पांढऱ्याइतकं कमी आर्सेनिक असेल असं गृहीत धरू नये.

लहान मुलांसाठी मात्र माझं मत एकतर्फी आहे. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त खातात, त्यामुळे तेच मायक्रोग्रॅम त्यांच्या अंगावर जड पडतात. तान्ह्या मुलांच्या तांदळाच्या खाण्यासाठी एफडीएने २०२० मध्ये किलोला १०० मायक्रोग्रॅमची पातळी ठरवली. ब्राउनची सरासरी आधीच त्याच्या वर आहे. बाळाला पांढरा द्यावा, आणि रोज तांदूळच देण्यापेक्षा धान्यं बदलत राहावी. ब्रिटनची अन्न मानक संस्था पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाची पेयं देऊ नयेत असं सांगते. ब्राउन राइस सिरपने गोड केलेले बाळांचे पदार्थही मी टाळीन. डबा घेताना घटकांची यादी वाचली की ते लगेच सापडतं.

आणि ज्यांनी तांदूळ पांढराच ठेवून तंतूंसाठी तांदळाच्या कोंड्याची पूड सुरू केली आहे, त्यांनी वरचा कोंड्याचा दर पुन्हा बघावा. किलोला ७१० धरले तर रोजच्या १५ ग्रॅम पुडीतून साडेदहाच्या वर मायक्रोग्रॅम येतात. ब्राउन राइसच्या ५० ग्रॅममध्ये ७.७ होते. ती पूड गव्हाच्या कोंड्याची किंवा इसबगोलाची घेतली तर तंतू मिळतात आणि हा भार बहुतांशी टळतो.