कंबरदुखीची पोस्ट: पाच टिप्सचं कॅप्शन की एकाच सवयीचं?

फिजिओथेरपी क्लिनिकच्या पानावर कंबरदुखीची पोस्ट टाकायची म्हटलं की कॅप्शन बहुतेक वेळा दोनपैकी एका तऱ्हेने लिहिलं जातं. एक म्हणजे पाच टिप्सची यादी: ताठ बसा, मोबाईल डोळ्यांसमोर धरा, वाकून वजन उचलू नका, आणि तळाला पत्ता. दुसरी तऱ्हा म्हणजे एका कामाची, त्यातल्या एकाच सवयीची चार वाक्यं आणि लगेच भेटीची माहिती. सांगलीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे आणि दोन्ही तऱ्हा मी वापरून झाल्या आहेत. आता कुठे थांबलोय ते सांगतो. तुमचे पेशंट वेगळे असतील तर हिशेबही वेगळा निघेल.

यादीला उगाच नावं ठेवणार नाही. ती दहा मिनिटांत लिहून होते, चित्र करणाऱ्याला सोपी जाते आणि घरच्या ग्रुपवर भराभर फिरते. ८ सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनाला, काहीतरी टाकायचंच असतं तेव्हा मीही ती काढायचो. २०२४ साली त्या दिवसाचा विषयच कंबरदुखी होता, तेव्हा तर आमची यादी चांगलीच फिरली. माझी तक्रार तिच्या फिरण्याबद्दल नाही, ती वाचून लोक काय करतात त्याबद्दल आहे.

एका पावसाळ्यात एक शिंपीकाका आले. मोबाईलमध्ये आमचीच पोस्ट जपून ठेवलेली. म्हणाले, "हे तुमचंच ना? पाठ ताठ ठेवा म्हणून? पंधरा दिवस ताठ बसतोय. संध्याकाळी स्टुलावरून उठवत नाही." मी म्हटलं, "काका, मशीनवर बसता तसं बसून दाखवा." त्यांनी स्टूल ओढलं, छाती पुढे काढली, कंबर आत खेचली आणि फळीसारखे बसले. पण सुई तर खाली. मग पाठ तशीच ठेवून त्यांनी हनुवटी छातीला टेकवली. पहिली टीप पाळायला गेले आणि दुसरी मोडून बसले, आणि दोन्ही मीच लिहिलेल्या होत्या.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ताठ बसणं वाईट नाही, पण कुठल्याही एका स्थितीत तासन्‌तास राहिलं की तेच ते स्नायू धरून राहतात आणि अंग अवघडतं. मग ती स्थिती पुस्तकातली का असेना. आम्ही केलं ते एवढंच: स्टुलावर चादरीची घडी टाकून बैठक उंच केली, म्हणजे गुडघे कमरेच्या जरा खाली आले. स्टूल मशीनला भिडवलं, म्हणजे कोपरं टेबलावर टेकली. आणि ठरवलं की एक कपडा शिवून झाला की दोरे कापायचं काम उभ्यानं करायचं. काकांना यानं किती फरक पडला ते इथे मुद्दाम सांगत नाही. ते लिहिलं की माहितीची पोस्ट संपते आणि जाहिरात सुरू होते.

यादीवरून माझं मन उडालं ते इथेच. मी कुठेही "बरं होईल" असं लिहिलं नव्हतं. पण पाच आज्ञा एकाखाली एक लिहिल्या की त्या औषधाच्या चिठ्ठीसारख्या वाचल्या जातात: पाच केल्या की दुखणं गेलं पाहिजे. न गेल्यास पेशंटला वाटतं, एक तर माझं चुकलं किंवा डॉक्टरचं. दावा शब्दांत नव्हता, तो मांडणीत लपला होता.

शब्दांतले दावे तसे पकडता येतात. "कायमची सुटका", "खात्रीशीर आराम" हे कोणीही खोडेल. निसटतात ते साधे वाटणारे शब्द. "ऑपरेशन टाळा" हा दावाच आहे. "चुकीचं बसल्याने मणके झिजतात" ही उलट्या बाजूची अतिशयोक्ती. त्याने माणूस घाबरून हालचालच कमी करतो, आणि साध्या कंबरदुखीत नेमकं तेच नको असतं. मी स्वतः बरेच दिवस "दुखण्याचं नेमकं कारण शोधून काढू" असं लिहायचो. बहुतेक कंबरदुखीत एका मणक्याकडे किंवा एका स्नायूकडे बोट दाखवता येत नाही, हे शिकून आलेला माणूस मी, आणि तरी लिहायचो. आता "तपासून तुमच्यापुरतं काय करता येईल ते ठरवू" एवढ्यावर थांबतो.

भेटीच्या माहितीचंही बघा. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या दोनेक ओळी दिसतात, बाकीचं more च्या मागे जातं. यादीत फोन नंबर तळाला, म्हणजे तो तिथेच गडप. मी मोजदाद केलेली नाही, पण आमच्या काउंटरवरच्या ताईंच्या वहीवरून अंदाज येतो. यादीच्या आठवड्यात फोन असायचे, "क्लिनिक कुठे आहे?" आणि "किती दिवसांत बरं वाटेल?" असे. शिलाईतल्या एकाच सवयीवर पोस्ट टाकली, त्यानंतर एक बाई म्हणाल्या, "मीपण फॉल-पिको करते, रिपोर्ट काही नाहीत, आले तर चालेल का?" असा फोन मला जास्त आवडतो, कारण बोलणं कामापासून सुरू होतं.

एका बाबतीत मात्र यादी सरस आहे: तिच्यात धोक्याच्या खुणांना ऐसपैस जागा मिळते. छोट्या कॅप्शनमध्ये ती ओळ कापायचा मोह होतो. ती कापू नका, हवं तर एक टीप कमी करा. आणि यादी करायचीच असेल तर ती चित्रात घाला, पण "ताठ बसा" ऐवजी "अर्ध्या तासाने बैठक बदला" असं काहीतरी लिहा, म्हणजे त्या काकांसारखं तुमच्याकडे कोणी स्टूल ओढून फळीसारखं बसून दाखवणार नाही.

सध्या आमच्या पानावर चालतं ते कॅप्शन असं आहे. नंबर आणि वेळा तुमच्या घाला:

"शिलाई मशीनवर बसून संध्याकाळी कंबर धरते? भेटीसाठी फोन: (नंबर), सोमवार ते शनिवार.

एक कपडा झाला की दोरे उभ्यानं कापा. स्टूल एवढं उंच ठेवा की गुडघे कमरेच्या जरा खाली राहतील, आणि ते मशीनजवळ ओढून घ्या. याने अवघडलेपण कमी वाटू शकतं. प्रत्येकाला सारखं लागू पडेलच असं नाही.

पहिल्या भेटीला साधारण चाळीस मिनिटं लागतात. सैल कपडे घालून या. असतील ते जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. फक्त या भेटीसाठी नवा एमआरआय काढू नका.

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काही असेल तर आमच्या वेळेची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं किंवा दुखण्यासोबत ताप असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा."