स्टेजमागचा लूप: कॅमेऱ्याने टिपलेला घ्यावा की संगणकावर बनवलेला?

साताऱ्यात लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजमागे एलईडी वॉल लावायची असो, की कंदी पेढ्यांच्या दुकानात काउंटरमागे टीव्ही, मागणी एकच असते. आवाज नको, निवेदन नको, चित्र हलतं राहावं आणि ते संपून पुन्हा कधी सुरू झालं हे कुणाला कळू नये. हे दोन रस्त्यांनी जमतं: खरा शॉट घेऊन त्याची टोकं जुळवायची, किंवा संगणकावर अशी हालचाल रचायची की ती स्वतःच फिरून मूळ जागी येईल. माझं मत आधीच सांगतो: दुकानाला टिपलेला, हॉलला बनवलेला. कारणं पुढे आहेत.

तिसरा, फार सोपा वाटणारा रस्ता म्हणजे शॉट सुलटा दाखवून लगेच उलटा दाखवणे. वाऱ्यावर झुलणाऱ्या झेंडूच्या माळेला तो चालून जातो, कारण माळ तशीही मागे-पुढे होते. ठोसेघरच्या धबधब्याला चालत नाही. पाणी वर चढताना दिसतं. धूर, वाफ, समईची ज्योत यांचंही तेच. म्हणून हा पर्याय मी इथेच बाजूला ठेवतो.

टिपलेल्या शॉटचं ठोसेघरचंच उदाहरण घेऊ. मोबाईल ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलेलं, वीस सेकंदांचा शॉट. बरेच जण शेवटच्या फ्रेमवर पहिली फ्रेम मिसळायला जातात आणि टोकाशी झटापट करत बसतात. त्यापेक्षा शॉट मधोमध कापावा, दुसरा अर्धा आधी ठेवावा आणि पहिला नंतर. आता फाईल जिथे संपते आणि जिथे सुरू होते, त्या दोन फ्रेम मूळ शॉटमध्ये एकमेकींना लागूनच होत्या. टोकं आपोआप जुळली. उघडा सांधा राहिला तो फाईलच्या पोटात, तिथे दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह द्यायचा, म्हणजे एक चित्र विरत जातं तसं दुसरं उमटत येतं. दहा आणि दहातले दोन सेकंद एकमेकांवर आले, म्हणून लूप अठरा सेकंदांचा होतो. ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रॅमला हे एका कमांडमध्ये सांगता येतं, paani.mp4 हा मूळ शॉट:

```
ffmpeg -i paani.mp4 -filter_complex "[0:v]fps=30,split[p][q];
[p]trim=10:20,setpts=PTS-STARTPTS,fps=30[b];
[q]trim=0:10,setpts=PTS-STARTPTS,fps=30[a];
[b][a]xfade=transition=fade:duration=2:offset=8,format=yuv420p" -an -b:v 6M loop.mp4
```

यातलं `fps=30` काढू नका. मोबाईलचा व्हिडिओ अनेकदा कमी-जास्त वेगाने फ्रेम नोंदवतो आणि डिझॉल्व्हला त्या एकसारख्या लागतात. पंचवीसऐवजी तीस घेण्याचं कारण वेगळं आहे. लॅपटॉपचं आउटपुट सहसा ६० हर्ट्झचं असतं. त्यात तीस फ्रेम समान बसतात, पंचवीस बसत नाहीत, आणि सावकाश सरकणारं चित्र हिसके देतं. `-an` ने आवाजाचा ट्रॅक जातो. तो गप्प असला तरी ठेवू नये, कारण त्याची लांबी चित्राशी काटेकोर जुळत नाही आणि तेवढ्यापुरता लूप अडखळतो.

या पद्धतीची मर्यादा डिझॉल्व्हमध्येच आहे. पाणी, ढग, दूरवरची झाडी यांत दोन चित्रं एकमेकांवर आली तरी डोळ्याला फक्त किंचित धुकं जाणवतं. पण कासच्या पठारावरचं एखादं फूल जवळून टिपलं असेल, तर त्या दोन सेकंदांत एकाच देठावर दोन फुलं दिसतात. तोच फुलांचा गालिचा लांबून घेतला तर सांधा सापडत नाही. दुसरी गोष्ट, लूप ओळखू येतो तो बहुतेक वेळा सांध्यामुळे नाही, खुणेमुळे. एक बगळा डावीकडून उजवीकडे गेला की दर अठरा सेकंदांनी तोच बगळा जातो. गिऱ्हाईक दोन मिनिटांत निघून जाईल, पण काउंटरवरच्या माणसाला दिवसभर तो बगळा मोजावा लागतो. शॉट निवडताना अशी एकटी घटना आधी हुडकून काढावी.

बनवलेल्या लूपमध्ये डिझॉल्व्ह नसतोच, म्हणून दुहेरी चित्राचं भूतही नाही. समजा स्टेजमागे मरून रंगावर सोळा पाकळ्यांची रांगोळी हळूहळू फिरवायची आहे. बारा सेकंदांत पूर्ण फेरा दिला तर ती भिंगरीसारखी पळेल. पण सोळाही पाकळ्या एकसारख्या असतील तर ती फक्त २२.५ अंश फिरली तरी चित्र पुन्हा पहिल्यासारखंच होतं. बारा सेकंदांचा लूप, आणि बघणाऱ्याला वाटतं रांगोळी तीन मिनिटांहून जास्त वेळ घेऊन संथपणे फेरा पुरा करते आहे. अट एवढीच, की एकाही पाकळीचा रंग वेगळा नको. नाहीतर दर बारा सेकंदांनी तो रंग एक घर मागे उडी मारेल. भोवतीच्या पणत्यांनी दोन, तीन, चार किंवा सहा सेकंदांच्या चक्रात उजळावं. पाच सेकंदांची एखादी पणती बाराव्या सेकंदाला अर्ध्यावर सापडते आणि दचकते.

ब्लेंडर या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये हे करताना दोन जागा सांभाळाव्या लागतात. तीस फ्रेमने बारा सेकंद म्हणजे ३६० फ्रेम. ज्या फ्रेमवर रांगोळीची स्थिती नेमून देतो ती की-फ्रेम. पहिली की-फ्रेम १ वर, शेवटची ३६१ वर ठेवायची आणि रेंडर ३६० ला थांबवायचं. शेवटची की-फ्रेम ३६० वर ठेवली तर पहिली आणि शेवटची फ्रेम तीच होते आणि हालचाल क्षणभर थबकते. दुसरं, की-फ्रेममधली चाल लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाची करायची. मुळात ती बेझिअर असते, त्यामुळे रांगोळी सुरुवातीला आणि शेवटी मंदावते आणि प्रत्येक फेऱ्याला श्वास घेतल्यासारखी वाटते.

हॉलसाठी हाच रस्ता बरा, याचं मोठं कारण वॉलचं माप. भाड्याने मिळणाऱ्या पी ३.९१, म्हणजे दर ३.९१ मिलिमीटरला एक पिक्सेल असलेल्या वॉलचं ५०० मिलिमीटरचं एक चौकोनी पॅनल १२८ बाय १२८ पिक्सेलचं असतं. आठ पॅनल रुंद आणि पाच उंच अशी वॉल १०२४ बाय ६४० भरते. ती टीव्हीच्या आकाराची नाही, म्हणून टिपलेला शॉट एकतर कापावा लागतो किंवा ताणावा. बनवताना थेट त्याच मापात बनवता येतं. शिवाय हळद, मंगलाष्टकं आणि जेवणावळी यांसाठी तीन वेगळे लूप करून तिघांचीही पहिली फ्रेम एकच ठेवता येते. मग कुठल्याही फेऱ्याच्या शेवटी एकावरून दुसऱ्यावर जा, झटका बसत नाही. धबधब्यावरून फुलांवर असं जाता येणार नाही. फक्त उजेड कमी ठेवा. मागे पांढरंशुभ्र चमकलं की फोटोग्राफरचा कॅमेरा त्याला बघून एक्स्पोजर उतरवतो आणि नवरा-नवरीचे चेहरे काळवंडतात.

फाईल चांगली असूनही लूप तुटतो तो चालवणाऱ्या यंत्रात. हॉलमध्ये लॅपटॉप असतोच, तिथे mpv या व्हिडिओ प्लेअरची ही कमांड पुरते:

```
mpv --fs --no-osc --loop-file=inf loop.mp4
```

दुकानातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की बहुतेक टीव्ही दर फेऱ्याला क्षणभर काळे होतात, काही फाईलचं नावही दाखवतात. ते टाळता येत नाही, पण लांबवता येतं. अठरा सेकंदांचा लूप दोनशे वेळा जोडला की एक तास होतो:

```
ffmpeg -stream_loop 199 -i loop.mp4 -c copy taas.mp4
```

काळा क्षण आता तासातून एकदाच येतो. सहा मेगाबिटच्या वेगाने ही फाईल २.७ जीबीच्या आसपास भरते. एफएटी ३२ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, त्यामुळे दोन तासांची करायचा मोह टाळा. दुकानात देण्याआधी ती एमपीव्हीमध्ये उघडून अठराव्या सेकंदाजवळ थांबवा आणि पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. तीच फ्रेम दोनदा दिसली किंवा पाणी एकदम सरकलं, तर जोड चुकला आहे.