कबड्डी फायनलची बातमी: गुणांच्या क्रमाने लिहायची की वळणापासून?

शाळेच्या फायनलची दीडशे शब्दांची बातमी लिहायची असेल तर दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पहिल्या शिट्टीपासून गुणफलकाच्या मागे मागे जायचं, आधी 4-2, मग 9-6, मग मध्यंतर, असं करत शेवटपर्यंत. दुसरी म्हणजे सामना जिथे फिरला ती चढाई आधी सांगायची आणि बाकीचं तिच्याभोवती बसवायचं. मी दोन्ही पद्धतींनी लिहिलंय, पहिलीने तर बरीच वर्षं.

पहिली पद्धत वाईट नाही. गुणलेखकाचं पत्रक शेजारी ठेवलं की चूक सहसा होत नाही, सामना संपल्यावर अर्ध्या तासात बातमी जाते आणि कुठल्या संघावर अन्याय झाला असंही कोणी म्हणत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला फार खुपायची, ती म्हणजे गुणफलक मॅटवर किती पोरं उरलीत ते सांगतच नाही. आणि कबड्डीत सगळं त्यावरच तर असतं ना.

सतरा वर्षांखालच्या मुलांच्या एका फायनलचंच घ्या, शाळांची नावं नको, लाल आणि निळे म्हणू. मध्यंतराला लाल 14-9 ने पुढे होते. उत्तरार्धात 19-15, वेळ साधारण आठ मिनिटं. नुसतं 19-15 वाचलं तर सामना अजून चुरशीचा वाटतो, पण खरं तर तेव्हा निळ्यांचे दोनच खेळाडू मॅटवर होते आणि लालचे सातही. म्हणजे अख्खा संघ बाद व्हायची वेळ, लोण डोक्यावर. लालने पुढच्या चढाईत दोघंही टिपले असते तर दोन गुण आणि लोणाचे दोन, सरळ 23-15.

आता चढाई लालची, आणि त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम होता, गुण आणला नाही तर चढाईपटू बाद, आणि दोनच बचावपटू असताना बोनसही नसतो, त्यामुळे पोराला खोल जावंच लागलं. डाव्या कोपऱ्याच्या मुलाने घोटा धरला, दुसऱ्याने मागून कंबर. समोर तीन किंवा कमी असताना पकड झाली की दोन गुण, म्हणून 19-17, आणि निळ्यांचा एक जण आत आला. लगेचच्या चढाईत निळ्यांनी दोघं टिपले, 19-19. आता निळे पाच, लाल चार, आणि लालचा मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला. तिथून उरलेले चौघे एकेक करून गेले, लोणासकट 19-25, आणि शेवटी निळे 29-25 ने जिंकले.

ही मॅच मी आधी पहिल्या पद्धतीने लिहिली होती, सगळे आकडे बरोबर, पण ती पकड "19-17" या एका आकड्यात गडप झाली. ज्या पोराने घोटा धरला त्याच्या वडिलांनी विचारलं, सर ह्यात आमच्या मुलाचं कुठाय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी दुसरीकडे वळलो.

दुसरीने सुरुवात अशी होते: "मॅटवर दोघंच उरलेले असताना निळ्या संघाने लालच्या मुख्य चढाईपटूची पकड केली आणि हातातून गेलेली फायनल 29-25 अशी जिंकली." पुढे ती चढाई दोन वाक्यांत, मग लोण, मग मध्यंतरापर्यंत लाल कशामुळे पुढे होते ते. माझ्या मते आकडे तीनच पुरतात: मध्यंतराचा, वळणाआधीचा, शेवटचा.

अडचण अशी की सामना चालू असताना वळण कळत नाही. म्हणून वहीच्या समासात मी फक्त एवढंच लिहितो, कुठलाही संघ तीन किंवा कमीवर आला की दोन्हीकडचे उरलेले, म्हणजे "नि 2, ला 7", आणि शेजारी वेळ, चढाई करणाऱ्याचा आणि पकड करणाऱ्यांचे नंबर. लोण झालं की एक आडवी रेघ. घरी आल्यावर रेघेपासून मागे जायचं आणि प्रत्येक नोंदीला विचारायचं, ही चढाई उलटी गेली असती तर हे लोण पडलं असतं का? जिथे उत्तर "नाही" येतं तिथे सहसा वळण असतं. कधी दोन सापडतात, तेव्हा मी दुसऱ्याला एकच वाक्य देतो.

एकतर्फी सामन्याला मात्र ही पद्धत ताणू नये असं मला वाटतं. 42-15 मध्ये वळण शोधत बसलात तर ते बनवलेलंच वाटतं, तिथे पहिलं लोण कोणी आणि कसं चढवलं ते सांगून थांबावं. आणि तालुक्याला नोंद म्हणून पाठवायचं असेल तर पहिली पद्धतच ठीक, त्यांना क्रमच हवा असतो. पण पालक, पोरं आणि शाळेचा फलक यांच्यासाठी लिहिणार असाल तर दुसरी करून बघा, फक्त पाठवण्याआधी अंतिम गुण आणि पकड करणाऱ्याचा नंबर गुणलेखकाला एकदा दाखवा, घाईत 4 चा 7 होतो.